उपटून पुन्हा लावलेलं रोप

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला तिच्याबद्दल सांगितलं. चंद्रपूरच्या कॉलेजात ती त्याच्या वर्गात होती. साक्षगंध, म्हणजे साखरपुडाही झाला होता, मग तिच्या घरच्यांनी तो मोडला. मला वाटलं, किती सरळ माणूस आहे, काही लपवलं नाही. सावली तालुक्यातल्या धानाच्या गावातून आलेली, घराण्यात पहिलीच पदवी घेतलेली मुलगी मी. गुरुजी घरी येऊन बसले नसते तर बाबांनी मला सातवीनंतर रोवण्याला, धानाच्या लावणीला धाडलं असतं. त्यामुळे मला जे मिळे त्याचे आभार मानायची सवयच होती. अहेरीत वनखात्याच्या ऑफिसात बाबू असलेला नवरा मिळाला, याचेही मी मानत होते.

सुरुवात चहाने झाली. "ती आलं ठेचून टाकायची. किसून नाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आठवण होती. दुसऱ्या दिवशी मी आलं ठेचलं. त्याने घोट घेतला आणि हसला. "नक्कल करून चव येत नसते."

मग मी परत किसायला लागले. तो काही बोलला नाही, आणि ते न बोलणं मी संध्याकाळपर्यंत उगाळत बसले.

तो कधी ओरडला नाही, हात उचलला नाही. म्हणून माहेरी सांगावं तरी काय? आई म्हणाली असती, "चहावरून का कोणी रडते, बाई?" आणि तो रोजच बोले असंही नव्हतं. मधले काही दिवस चांगले जात. बाजारातून माझ्यासाठी गजरा आणी. मी निश्चिंत झाले की मग हळूच, "तिचे केस लांब होते, तिले शोभायचा." मी विचारलं, "मंग मले काऊन आणला?" तर म्हणे, "तुझ्या भल्यासाठीच सांगतो. तू लगेच मनाले लावून घेतेस."

हे मला पटत गेलं. दोष बोलण्यात नाही, माझ्या मनाला लावून घेण्यात आहे. मी मोठ्याने हसणं बंद केलं, कारण ती ओठ मिटून हसायची. शेजारणीकडे जाणं कमी केलं, कारण तिला चकाट्या पिटायची सवय नव्हती. काही बोलायच्या आधी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागले. हळूहळू तो ऑफिसात असला तरी तुलना घरात चालूच राही. भाजी चिरताना, साडी नेसताना, खिडकी उघडताना मी स्वतःलाच विचारी, तिने कसं केलं असतं? मी तिचा फोटोसुद्धा पाहिलेला नव्हता. जिचा चेहरा माहीत नाही अशा बाईपुढे मी रोज नापास होत होते.

अशात एका शाळेतून मला बोलावणं आलं. शिक्षिकेची जागा होती, नमुना पाठ घेऊन दाखवायचा होता. माझं बी.एड. झालेलं होतं, अर्ज मीच केला होता. पण पत्र आल्यावर मी ते आधी त्याला दाखवलं. नवरा म्हणाला, "जा ना. मी कुठी नाई म्हणून राह्यलो? पण तिथी चांगले बोलणारे येतील. ती असती तर एका झटक्यात झालं असतं. तुझं हसं व्हायला नको, एवढंच." मी पत्र डब्यांच्या मागे ठेवलं आणि जायचं नाही असं मनाशी ठरवलं. ठरवल्यावर झोप लागेल असं वाटलं होतं. लागली नाही.

पाठाच्या आधीच्या रविवारी आम्ही सासरच्या गावी रोवण्याला गेलो. धाकट्या दिराचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको चंद्रपूरच्या कॉलनीत वाढलेली, पहिल्यांदाच बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या चिखलात उतरत होती. आमच्या रांगेतल्या बायांना निमित्तच मिळालं.

"अवं सूनबाई, धान रोवून राह्यली का मेंदी काढून राह्यली?"

"राहू दे वं, नवी आहे. तुले तरी पहिल्या वर्षी कुठी येत होतं? म्हशीवानी बसली होतीस चिखलात!"

सगळ्या हसल्या, तीही हसली. तिच्या वाट्याची पात मागे पडली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या बायांनी न बोलता तिची चार-चार रोपं लावून टाकली. रोवण्यात असंच करतात. रांग तुटू देत नाहीत.

तेवढ्यात नवरा धुऱ्यावर, बांधीच्या कडेला येऊन उभा राहिला. आमच्याकडे भासरा, म्हणजे मोठा दीर, धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. म्हणून तो भावाशी बोलला, पण सगळ्या बांधीला ऐकू जाईल असं.

"तुझ्या बायकोले म्हण, वहिनीकडे पाहून शीक. बी.ए., बी.एड. झाली आहे, तरी हात पाह्य कसा चालते तिचा! नुसतं कॉलनीत राहून काई होत नाई."

किती काळानंतर त्याने माझं कौतुक केलं होतं. माझ्या छातीत काहीतरी फुललं. माझी बोटं आपोआप जोरात चालायला लागली, मग मी ती मुद्दाम आणखी जोरात चालवली.

मग माझी नजर धाकट्या जावेकडे गेली. तिने पदर कपाळावर ओढला होता. भासऱ्याला उलट बोलता येत नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती. तिने एक रोप लावलं, माझ्या रोपाकडे पाहिलं, आपलं उपटलं, पुन्हा लावलं. परत उपटलं. रोपाच्या मुळ्या पार मऊ पडल्या होत्या. आधी ती चुकत होती, पण हसत होती. आता ती हसत नव्हती.

ते बघून माझी बोटं थांबली. मी ठेचलेलं, किसलेलं सगळं आलं मला तिथे दिसलं. आणि आज तिची 'ती' मी होते.

"ते राहू दे आता," मी तिच्या पातेत सरकत म्हटलं. "उपटलेलं रोप लवकर मूळ धरत नाई."

"वाकडं आहे ना, ताई."

"पाण्यात सगळेच वाकडे दिसतात. दोन दिवसांत उभे होतात."

संध्याकाळी मी विहिरीवर हात धूत असताना नवरा माझ्याजवळ आला. माझ्या नखांतला चिखल पाहून म्हणाला, "तिचे हात कसे नाजूक होते. खेड्याचे हात शेवटी खेड्याचेच."

सकाळचे हात आणि संध्याकाळचे हात एकच होते. मी ते पुन्हा घासले नाहीत.

अहेरीला परतल्यावर मी डब्यांमागून पत्र काढलं. धाडस आलं होतं असं नाही. पाठाच्या दिवशी शाळेत माझा नंबर येईपर्यंत मी बाहेर बसले होते. माझ्या आधीची मुलगी आत स्पष्ट, ठाशीव बोलत होती. भिंतीतून तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि मी मनात स्वतःची दहा वाक्यं उपटून पुन्हा लावत होते. वर्गात गेले. प्राणहिता नदीचा पाठ होता. पहिलं वाक्य चुकलं. मी ते तसंच राहू दिलं आणि दुसरं बोलले. एका मुलीने विचारलं, "बाई, पूर आला की नाव काऊन बंद करते?" मग मी तिलाच सांगत राहिले.

घरी आले तेव्हा नवरा दारात होता.

"किती जण होते? बाकीचे कसे बोलले?"

"मी पाह्यलं नाई," मी म्हटलं.

ते खोटं होतं. मी एकेकीला पाहिलं होतं, प्रत्येकीची साडीसुद्धा मला सांगता आली असती. पण मी आत गेले आणि चहा ठेवला. आलं किसायचं की ठेचायचं, हे ठरवताना हात थांबला होता. मग मी ते सुरीने कापून टाकलं, जसं माझी आई टाकायची. नोकरी मिळेल की नाही हे अजून कळायचं होतं, आणि तो बाहेरून विचारत होता, "म्हणजे कसं झालं?"

"झालं," मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा बघायला बाहेर गेले नाही.