एका अनुस्वाराचे माहात्म्य

आमच्या ग्रामदेवतेचे नाव जाळाई. रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीच्या काठी चढावर तिचे देऊळ आहे. गेल्या काही वर्षांत मुंबईकरांनी वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार केला. चिरे जाऊन ग्रॅनाइट आले, पणत्यांच्या जागी झुंबर आले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की एवढ्या वैभवाला शोभेल असे माहात्म्य देवीला नाही. शेजारच्या गावातल्या महादेवाचा पुराणात उल्लेख आहे म्हणे, आणि आमची जाळाई मात्र कोणत्याही पोथीत नाही. तेव्हा देवस्थान समितीचे अध्यक्ष माझ्याकडे आले. आयुष्यभर रत्नागिरीत संस्कृत शिकवून मी गावी परतलेलो, सायंकाळी देवळात पुराण सांगणारा. हे काम माझेच, असे सर्वांना वाटले. खरे सांगायचे तर त्यांच्याआधी मला वाटले.

जाता जाता अध्यक्षांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिमग्याला देवीची पालखी खाली धक्क्यावर, कोळीवाडीत जाते आणि तिथे एक दुपार बसते. तो उतार अवघड, खांदा द्यायला तरुण कमी. म्हणून समितीत तो मुक्काम बंद करण्याचा विचार चालू होता. "तुमच्या माहात्म्यात त्याला आधार निघाला तर ठेवू, नाही तर पुढच्या वर्षीपासून पालखी हमरस्त्यानेच नेऊ," असे ते म्हणाले. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात तेव्हा अनुष्टुभाचे आठ आठ अक्षरांचे चरण घुमत होते. धक्का कुठला आणि पालखी कुठली!

येथे एक विनोद सांगितला पाहिजे, आणि तो माझ्यावरच आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना मी 'प्रक्षिप्त' हा शब्द नाक मुरडून उच्चारीत असे. पुराणाची लक्षणे पाच: सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनरुत्पत्ती, देव-ऋषींचे वंश, मन्वंतरे, राजवंशांची चरिते. हे सोडून पोथीत जे व्रतांचे, तीर्थांचे, क्षेत्रमाहात्म्यांचे रान माजले आहे, ते मागाहून कोणी घुसडले, असे मी ऐटीत सांगे. ते रान काढून टाकले तर बहुतेक पुराणांचा निम्म्याहून अधिक भाग जाईल, आणि नेमका ज्याच्यासाठी लोक पुराण ऐकायला बसतात तोच जाईल, हे मी सांगत नसे. आता तोच मी नवी दौत, म्हणजे नवे जेल पेन, घेऊन घुसडायला बसलो होतो.

कृती मला पाठ होती. नैमिषारण्यात सत्र चालू आहे, शौनकादी ऋषी सूताला विचारतात, "हे सूता, सह्याद्री आणि सागर यांच्या मध्ये, परशुरामाने समुद्र हटवून मिळवलेल्या भूमीत, कोणती देवी वसते?" सूत सांगतो, ते त्याने व्यासांकडून ऐकलेले असते. मग देवीला पार्वतीचा अंश ठरवायचे, तिच्या पाषाणाला स्वयंभू म्हणायचे, देवळामागच्या वारुळातल्या नागाला आणि वेशीवरच्या राखणदाराला क्षेत्रपाल नेमायचे. झऱ्याला तीर्थ म्हणायचे. शेवटी फलश्रुती आणि 'इति' म्हणून एखाद्या महापुराणाच्या सह्याद्रीविषयक खंडाचा हवाला. अशा पुराणाचे पोट मोठे असते. देशभरातली अशी किती माहात्म्ये आपण त्यातलीच असे सांगतात, आणि मूळ पोथी उघडली तर त्यांतली कित्येक सापडत नाहीत. स्वतःचे नाव मात्र कुठेही घालायचे नाही. व्यास म्हणजे विस्तार करून नीट लावणारा. जो लावतो तो त्याच नावाखाली लावतो.

राहिला प्रश्न नावाचा. जाळाई म्हणजे काय? मला क्षणाचाही विलंब लागला नाही. जाळ म्हणजे ज्वाला. अर्थात ही ज्वालादेवी! 'ज्वालारूपा जगन्माता' हा चरण तर असा उतरला की मी उठून ओसरीवर एक फेरी मारली. परशुरामाच्या बाणाने तापलेल्या समुद्रातून ज्वाला निघाली, ती टेकडीवर स्थिरावली, तिचा पाषाण झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आले. भक्तीचे थोडे, स्वतःच्या पांडित्याचे अधिक.

समितीपुढे मी ते चालीत वाचून दाखवले, वर मराठीत अर्थही सांगितला. सर्वांनी हात जोडले. अध्यक्षांनी एवढेच विचारले, की यात धक्क्याचा उल्लेख कुठे आहे? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग प्रश्न मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर कोळीवाडीतली एक बाई येऊन बसली. तिच्या दोन होड्या आहेत, मुलगा समितीवर आहे, आणि आवाज असा की आळीतल्या मांजरांना बांगडा आला की सौंदाळा हे दिसण्याआधी कळते. आमच्या घरी मासे खात नाहीत, त्यामुळे तिची टोपली माझ्या दारी कधी थांबली नव्हती. आज टोपलीही नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "रात्री पोरगा सांगत होता, तुमी आईला आगीतून काढलीत."

मी सांगितले, की जाळ म्हणजे अग्नी, तो तेजाचे रूप...

"जाळ न्हवं वं. जाळं. आमच्या सासऱ्याच्या आज्याच्या जाळ्यात आली ती. म्हणून जाळाई. तुमी टिंब खाल्लंत."

ती म्हणाली ते खरे होते. आयुष्यभर मुलांच्या वह्यांत अनुस्वार तपासले, आणि देवीच्या नावात तोच गिळला. शिवाय 'जाल' हा शुद्ध संस्कृत शब्द माझ्या हाताशी होता. मला आगच दिसली, कारण आग अधिक भव्य होती.

मग तिने सांगायला सुरुवात केली. जाळे जड लागले, वर काढले तर मासा नव्हता, दगड होता. तो परत टाकला, पुन्हा तोच आला. कधी तिने सांगितले की दगड धक्क्यावर ठेवला, तिथून देवी आपणहून वर गेली. थोड्या वेळाने सांगितले की वरच्या वाडीतल्यांनी ती मागून नेली आणि वर्षातून एक दुपार माहेरी आणून बसवण्याचा शब्द दिला. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, असे मी दाखवले, तर म्हणाली, "जुळवा की. त्याच्यासाठीच तुमास नेमलंय." मी मुकाट्याने "मग?" "पुढे?" असे विचारत राहिलो. पुराणे सांगणारा सूत हा ब्राह्मण नव्हता, सारथ्यांच्या आणि स्तुतिपाठकांच्या जातीचा होता, आणि ऐकणारे मात्र ऋषी होते, हे मी किती वर्षे फळ्यावर लिहिले होते. त्या सकाळी माझ्या ओट्यावर तीच बैठक भरली होती, आणि मी धरलेली सूताची जागा माझी नव्हती.

"पालखी खाली नाय आली," ती उठताना म्हणाली, "तर आमी वर येऊ, बसू शेवटच्या रांगेत, नेहमीसारखं. पण ती एक दुपार ती आमच्या घरी असते, गुरुजी. ती कुणाच्या पोथीनं घेतलीन, ता लक्षात राहील."

मी पुन्हा लिहायला बसलो, आणि पुन्हा घसरलो. जाळे घातले, पण सवयीने कोळ्याला शापभ्रष्ट गंधर्व केले: पूर्वी स्वर्गात गात होता, एका ऋषीचा अपमान केला, म्हणून मत्स्यजीवी झाला, देवीच्या स्पर्शाने मुक्त झाला. पुराणांत अशा शापकथा शेकड्यांनी सापडतात. कोळिणीला वाचून दाखवले, तर तिने विचारले,

"शाप सुटला तर आमी अजून जाळं का टाकतो?"

 मला तेव्हा प्रथमच नीट दिसले की आमच्या पोथ्यांनी दारे उघडली खरी, नाग आला, यक्ष आला, रानातली देवी आली, सगळे एका भक्तीच्या घरात राहू लागले. पण आत घेताना कोणाकोणाला उंबऱ्यावर वाकायला लावले. मी शाप काढून टाकला. कोळ्याला वर दिला: तुझे जाळे रिते येणार नाही, आणि वर्षातून एकदा मी तुझ्या अंगणी बसेन.

तिच्या दोन गोष्टींचा मेळही बसला. पुराणकारांनी अशा अडचणीसाठी कल्पभेद नावाची सोय करून ठेवली आहे: एका कल्पात असे घडले, दुसऱ्या कल्पात तसे. एका कल्पात देवी आपणहून वर गेली, दुसऱ्यात मागून नेली. आणि त्याच सोयीने, कबूल करायला हरकत नाही, मी तिसऱ्या कल्पात माझी ज्वालाही ठेवून दिली. बारा श्लोक होते; काढवेनात. मुख्य चरण मात्र बदलला: 'जाले जाता जगन्माता जालाम्बेति ततः स्मृता.' जाळ्यात प्रकटली जगन्माता, म्हणून तिला जालाम्बा म्हणतात. धक्क्यावरचा नैवेद्य माशांचा असतो. तिथे मी 'जलजैः पूजयेत्' असे लिहिले. जलज म्हणजे जे पाण्यात जन्मते ते. वरच्या वाडीला कमळ वाचता येईल, खालच्या वाडीला सुरमई. शाकाहारी माणसाला यापेक्षा अधिक धैर्य झेपत नाही.

समितीत अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. मागच्या बैठकीत तर हे नव्हते?

"पाठभेद सापडला," मी म्हणालो.

"कुठे?"

"धक्क्यावर."

कोळिणीचा मुलगा खाली मान घालून हसला. अध्यक्ष म्हणाले, पुराणातच आहे म्हटल्यावर आपण कोण बदलणारे. पालखीचा मुक्काम कायम झाला. पुराण शब्दाचा एक जुना अर्थ 'जुने असून नवे होते ते' असा सांगतात. हे पुराण पंधरवड्यापूर्वीचे होते, आणि त्यातली दुपार कितीतरी पिढ्यांची. तरी 'इति' मी एका दमात लिहिले, याचे मला अजून नवल वाटते.

शिमग्याला पालखी उतरली. मीही काठी टेकत मागोमाग गेलो. धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांच्या मध्ये ती बसली, बायकांनी ओट्या भरल्या, झाकलेली ताटे समोर आली. मी आदराने समुद्राकडे पाहिले. मग वाडीतल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाण्यात पंचक्रोशीतल्या एकूण एक देवाला हाक मारायची असते, कोणी राहून गेला तर रुसतो. त्याने जाळाईला बोलावले, वेशीवरच्या राखणदाराला, खाडीच्या मुखावरच्या पिराला, आणि प्रत्येक हाकेनंतर सगळे "होय म्हाराजा" म्हणत होते. आणि मग:

"आनी नैमिषारण्यातल्या बा सुता म्हाराजा, तू आमच्या जाळ्याचं सूत हायेस, ता तुटू देव नको, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मी शेजारी उभ्या असलेल्या कोळिणीकडे पाहिले. ती म्हणाली, तुमच्या पोथीत पहिल्याच ओळीत त्याचं नाव आहे, जाळ्याच्या गोष्टीत सूत आधी येणारच. म्हणून यंदापासून एक नारळ त्याला लावला. धक्क्यावरच्या होड्या बांधायच्या खांबाला नवे सूत गुंडाळले होते, त्याला हळदकुंकू होते.

सूत म्हणजे धागा नव्हे, सारथी, कथेकरी, असे सांगायला मी तोंड उघडले. मग ज्याने जाळ्याचा जाळ केला, त्याने कोणत्या तोंडाने सांगावे, असा विचार आला. मी पायताण काढले आणि त्या खांबाला नमस्कार केला.