डावखुरी आहे

पेन्सिलकाकांच्या कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असे. आंघोळीलाही ती तशीच जाते, असं त्यांची बायको शेजारणींना सांगे, आणि वर म्हणे, "लग्नातसुद्धा होती. मला वाटलं, सुतार आहेत." मराठी गोष्टी इंग्रजीत करण्यात या माणसाचं उभं आयुष्य गेलं.

त्यांची रीत ठरलेली. आधी गोष्ट वाचायची आणि क्रियापदांखाली रंगीत रेघा ओढायच्या. एकदा घडून संपलं, 'आली', तर निळी. नेहमी घडायचं, 'यायची', तर हिरवी. आणि 'आली होती' दिसली की लाल. "आपण 'होती होती' म्हणत मैलभर चालतो," ते सांगत. "इंग्रजीत दर 'होती'ला 'हॅड' जोडलं की गोष्ट लंगडते. उंबऱ्यावर एकदा 'हॅड' म्हणावं, मग साध्या भूतकाळाने घरात शिरावं." मराठीत भूतकाळ चालू असताना मधेच 'ती फाटक उघडते, मागे बघते' असं येतं आणि ऐकणारा सरसावून बसतो. इंग्रजी वाचक तिथे ठेचकाळतो, म्हणून काका तेही बहुधा भूतकाळात ओढून घेत. परटाने इस्त्री फिरवावी तसे.

यंदा गोष्ट आली ती थोरल्या बहिणीची. ताईने जन्मात एकच गोष्ट लिहिली, तीही म्हातारपणी: तिची मुलगी भांडून घरातून निघून गेली, ती परत आलीच नाही. जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. एका इंग्रजी कथासंग्रहाच्या संपादिकेला ती हवी होती. ताई म्हणाली, "तूच कर. परक्या हाताने करून घ्यायची नाही मला. आणि इंग्रजीतून कुठे तिच्या हाती पडली, तर वाचेल तरी."

काकांनी रेघा ओढल्या, इस्त्री फिरवली. भाषांतर असं गुळगुळीत उतरलं की संपादिकेने फोनवर म्हटलं, "काका, एक खडा लागत नाही हो." काका खुशीत कागद घेऊन ताईकडे गेले.

ताई खिडकीशी बसली होती, मांडीवर मुलीचा जुना स्वेटर उसवत. तिला इंग्रजी बेताचंच, पण कान तिखट. काका वाचत गेले. मुलगी चिडायची, दार आपटायची, आईच्या चपला घालून हिंडायची. ताई मधेच हसलीसुद्धा. मग पुढचं वाक्य आलं, आणि तिचा हात थांबला.

"परत वाच."

काकांनी वाचलं. मुलगी डावखुरी होती, तिला दुधावरची साय आवडत नसे.

"मी 'होती' लिहिलंय?"

काकांनी मूळ कागद काढला. तिथे स्पष्ट होतं: डावखुरी आहे, साय आवडत नाही. खाली त्यांचीच निळी रेघ.

"इंग्रजीत गोष्ट भूतकाळात चालली की हेही ओघाने..." काका पुटपुटले.

"ओघाने? तिथे 'इज' चालतच नाही?"

काकांना ठाऊक होतं, चालतं की. आजही खरं असेल ते भूतकाळाच्या गोष्टीतही वर्तमानात ठेवता येतं. माणसाबद्दल 'वॉज' म्हटलं की मात्र ऐकणारा समजून घेतो, आता नाही. हे नवशिक्यांना त्यांनीच बजावलेलं.

"म्हणजे तुझ्या मनातून ती गेली," ताई म्हणाली. "कधीपासून रे?"

कानामागची पेन्सिल काढून काकांनी 'वॉज' आणि 'डिडन्ट' खोडायला घेतलं.

"संपादिका म्हणेल, खडा आला," ते म्हणाले.

"लागू दे तिला."

घरी जाऊन त्यांनी कागद पुन्हा लिहून काढला. संपादिका कुरकुरली; काका म्हणाले, "असंच छापायचं नसेल तर गोष्ट परत द्या." इतका करडा आवाज बायकोने कधी ऐकला नव्हता; ती चहा ठेवून आत निघून गेली.

छापायला जाण्याआधी काकांनी ताईला सगळं पुन्हा वाचून दाखवलं. त्या वाक्याशी ती डोळे मिटून बसली.

"सायीचं भूतकाळात ने," ती सावकाश म्हणाली.

"अगं, तूच तर..."

"इतकी वर्षं झाली. आवड बदलली असेल. खातही असेल आता, मला काय ठाऊक." तिने स्वेटरचं टोक शोधलं. "डावखुरी राहू दे. हात काही बदलत नाही."

काकांनी 'डझन्ट' खोडलं, 'इज' ठेवलं. वाक्य अर्धं इकडे, अर्धं तिकडे, वाचताना ठेचकाळायला लावणारं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी त्यावर इस्त्री फिरवली नाही.

ताई लोकर गुंडाळू लागली. उसवलेल्या स्वेटरची बाही तेवढी शाबूत होती, डावी. काकांनी ती बघितली, आणि नजर खिडकीकडे नेली.