गाठोडं आणि खोटा दिलासा

सर्व संबंधितांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मी आयुष्यात एकदा परीक्षेच्या वहीत धादांत खोटं लिहिलं, ते मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, आणि त्या खोट्याची साक्षीदार भर परीक्षेत तांदूळ निवडत माझ्या समोर बसली होती. निवेदन संपलं. आता कोणाला पाणी पिऊन यायचं असेल तर या.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी नागपुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वडील खापरखेड्याला वीज केंद्रात. त्यांनी कॉलनीतल्या प्रत्येक दारात सांगून ठेवलं होतं, 'पोरगी सिस्टर होऊन राहिली.' त्यामुळे नापास होणं ही माझी खासगी बाब उरलीच नव्हती. ती कॉलनीची बेअब्रू होती.

शेवटच्या वर्षी आम्हाला मनोरुग्णालयात धाडत. गावात सगळे त्याला पागलखानाच म्हणत, आम्हीही पहिले दोन दिवस म्हणालो. तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टर ट्यूटरनं ऐकलं आणि तो शब्द आमच्या तोंडून कायमचा गेला. त्या बाई बुटक्या, आवाज खालचा, पण वॉर्डातले पेशंटसुद्धा त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत.

त्या शिकवायच्या ते वरवर पाहता अगदी सोपं होतं: पेशंटशी बोलायचं कसं. कोणतं बोलणं माणसाचं मन मोकळं करतं आणि कोणतं त्याचं तोंड बंद करतं. पहिल्याला म्हणायचं थेरप्युटिक, म्हणजे उपचार करणारं. दुसऱ्याला म्हणायचं ब्लॉक. 'आज कशाबद्दल बोलावंसं वाटतं?' अशी मोकळी सुरुवात करणं, त्याचंच वाक्य त्याला परत देणं, कळलं नाही तर नीट विचारून घेणं, नुसतं जवळ बसणं, गप्प राहणं, हे पहिल्या खात्यात. उपदेश, विषय बदलणं, 'शहाणी माणसं असं करत नाहीत' म्हणणं, 'का?' 'काहून?' करत जाब विचारणं, आणि 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' हा खोटा दिलासा, हे दुसऱ्या खात्यात.

आता बघा, मी विदर्भातली. मी सकाळी उठते तीच 'काहून' म्हणत. आणि गप्प राहणं? शाळेत मला मौनाच्या तासाला वर्गाबाहेर उभं करत, कारण माझ्या मौनाचा आवाज यायचा.

बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात आम्ही हे सगळं घोकत बसायचो. शेजारी एक मावशी तांदूळ निवडायची. हिंगण्याकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, अकरा वर्षं आत. पूर्वी तिला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी ते कधीच थांबले होते, डॉक्टरांनी घरी न्यायला दोनदा पत्रं घातली होती. न्यायला भाऊ येत नव्हता. पण अकरा वर्षांत अकरा बॅचेस तिच्या कानाशी हेच घोकून गेल्या होत्या. आम्ही चुकलो की ती सूप खाली न ठेवता म्हणायची, "हा खोटा दिलासा झाला ना वं. मागच्या वर्षीची चष्मेवाली याच्यातच अटकली होती."

मला पेशंट मिळाली ती हीच. तिच्याशी बोलायचं, मग दूर जाऊन ते जसंच्या तसं उतरवायचं: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, माझ्या मनात काय आलं, आणि माझं वाक्य कोणत्या खात्यातलं. याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणत. मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "चूक झाली तर चूकच लिहा. पुढे ती कोणत्या प्रकारची ते लिहा, आणि काय बोलायला हवं होतं ते लिहा. त्याचे मार्क आहेत."

दिवाळीच्या आधी एका दुपारी मावशीनं सूप खाली ठेवलं. हे पहिल्यांदाच घडत होतं. म्हणाली, "पोरी, तो मले न्यायले येईन का वं?"

तिचे डोळे माझ्यावर. मला ते डोळे लवकरात लवकर माझ्यावरून हलायला हवे होते. मी म्हणाले, "येईल ना मावशी! दिवाळीला येईलच भाऊ. तुम्ही काळजी नका करू."

ती हसली. मी निघाले, हलकी होऊन. संध्याकाळी होस्टेलवर वही उघडली आणि लिहिलं: 'भावाची वाट पाहून तुम्ही थकला आहात, असं मला जाणवतं.' पुढे कंसात, भावना ओळखून परत देणे. पानभर अशी नऊ तंत्रं पेरली. मोठ्या बाईंनी तपासताना एकदा माझ्याकडे पाहिलं, सही केली, काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, फसल्या.

डिसेंबरात तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षक मुंबईहून आल्या. उंच, पांढरी साडी, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ताणल्या गेलेल्या. होस्टेलवर आख्यायिका होती की त्या कधी रागावत नाहीत, नुसत्या पाहतात. मला रागावणारी माणसं चालतात. त्यांना उत्तर देता येतं.

माझा नंबर आला तेव्हा थंडीतही माझ्या टोपीखाली घाम होता. टेबलामागे त्या, शेजारी मोठ्या बाई, आणि मध्ये माझी वही.

"पेशंट म्हणते, मी मेलेली बरी. तू काय म्हणशील?"

"असं बोलू नये म्हणणं ब्लॉक आहे, मॅडम. मी सरळ विचारीन, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते वाढत नाहीत. मग कधीपासून, काही ठरवलंय का, ते विचारीन. एकटं सोडणार नाही, लगेच वॉर्ड सिस्टरला कळवीन."

त्यांनी मान हलवली आणि गप्प बसल्या.

नुसत्या बसल्या. घड्याळ वाजत होतं. मी म्हणाले, "आणि त्यांना मुलाबाळांची आठवण करून देईन." त्या गप्प. "देवाचं नाव घ्यायला सांगेन." त्या गप्प. "आणि... चहा देईन."

"शांतता हे तंत्र तू पान तीनवर लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "मी फक्त ते वापरून पाहिलं."

त्यांनी पान उलटलं. "पूर्ण संभाषण, आणि एकही चूक नाही. मी तीस वर्षं पेशंटशी बोलतेय. माझं असं एकही झालेलं नाही." वही मिटली. "ही बाई वॉर्डात आहे ना? चला."

तो व्हरांडा मी शंभर वेळा तुडवला होता. त्या दिवशी तो संपू नये म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलत होते. मावशीची स्मरणशक्ती मला ठाऊक होती. तिला चष्मेवालीच्या चुकाही पाठ होत्या. खोटी नोंद म्हणजे सरळ नापास. सहा महिने घरी. वडील कॉलनीच्या दारादारांतून परत फिरताना दिसले मला, एकेका दारात आपलं वाक्य मागे घेत.

मावशी सूप घेऊन बसली होती. मी कशीबशी म्हणाले, "मावशी, या मॅडमना तुमच्याशी बोलायचंय. चालेल का?"

"चालते ना."

परीक्षक तिच्याशेजारी बसल्या, मोठ्या बाई मागे उभ्या राहिल्या. "दिवाळीच्या आधी या मुलीशी तुमचं भावाबद्दल बोलणं झालं. ती काय म्हणाली, आठवतं?"

मी मावशीकडे पाहिलं. डोळ्यांनी हात जोडले म्हणा ना.

"आठवते तर," मावशी म्हणाली. "हिनं सांगतलं, दिवाळीले येईलच भाऊ, काळजी नका करू."

संपलं. वही परीक्षकांच्या हातात होती. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"मंग मी गाठोडं बांधलं," मावशी तांदळातला खडा वेचत म्हणाली. "चार दिवस फाटकापाशी बसली. जेवाले बी नाही आली. तो येऊन परत जाईन म्हून."

हे मला माहीत नव्हतं. दिवाळीला मी खापरखेड्याला होते, चकल्या खात.

माझ्या तोंडून निघालं, "पण मावशी, तुम्हाला तर सगळं पाठ आहे. खोटा दिलासा म्हणजे काय, तुम्हीच आम्हाला सांगता."

"ते पाठातलं होतं वं," ती म्हणाली. "हे तू मले सांगतलं होतं."

त्या क्षणी भीतीनं जागा बदलली. इतका वेळ ती परीक्षकांच्या भुवयांत होती, आता ती त्या सुपात होती. मी खाली फरशीवर बसले.

"मी सांगितलं ते मला माहीत नव्हतं, मावशी. भाऊ येईल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही बघत होता माझ्याकडे, मला ते सोसवेना, म्हणून मी बोलून मोकळी झाले. माझं चुकलं."

तिचा हात थांबला. माझ्या जिभेवर वाक्यांची रांग लागली होती: पत्र लिहू, पुढच्या वर्षी बघू, रडू नका. मी दातांखाली जीभ धरली. खरोखर धरली, दोन दिवस झोंबत होती.

"तो आता नाही येत," मावशी म्हणाली.

"आता येणार नाही असं वाटतं तुम्हाला."

"हो." आणि ती रडू लागली. आवाज न करता, अकरा वर्षांचं. मी बसून राहिले.

परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, माझ्या त्या मोत्यांच्या पानावर आडवी रेघ मारली. हळूच म्हणाल्या, "हे रद्द. आत्ता जे झालं ते संध्याकाळपर्यंत लिहून दे. आधीच्या चुकीसकट. त्यावर मार्क देईन." त्यावरच मी पास झाले, अगदी काठावर. मोठ्या बाई फसल्या नव्हत्या हेही तिथे व्हरांड्यातच कळलं, कारण त्यांनी माझ्याकडे पुन्हा तसंच पाहिलं.

मावशी रडतच होती. आणि मग ते घडलं. ती उंच, घट्ट केसांची, मुंबईची बाई, जी तीस वर्षांत कोणाच्या नजरेला घाबरली नसेल, तिचे डोळे भरून आले. तिनं मावशीचा हात धरला आणि भरभर म्हणाली, "अहो, रडू नका हो. येईल तुमचा भाऊ. नक्की येईल."

मावशीनं पदरानं नाक पुसलं, हात सोडवून घेतला आणि आमच्या ट्यूटरकडे वळून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडली,

"मोठ्या बाई, या मॅडमले बी नापास करा!"