तेरा अंशांचं पान

हॉटेल कामगारांच्या संघटनेची आमची खोली म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. शाळा मी अर्धवट सोडली, पण अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. निदान तो मंगळवार उजाडेपर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

फडकेराव दारातच घुटमळत होता. हे त्याचं नाव नव्हे. खांद्यावर कायम फडकं असायचं म्हणून भटारखान्यातल्यांनी पाडलेलं. अन्नसुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि त्याने ते फडकं उतरवलं. एकाच फडक्याने हात, ताट, ओटा पुसला की घाण सगळीकडे फिरते, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. फडकं गेलं, नाव चिकटलं.

परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाक्याची जागा निघाली होती. बायोडेटा, प्रमाणपत्र, सोबत एक पत्र आणि फ्रिजच्या तापमान-वहीचा एका महिन्याचा फोटो, एवढं संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. वयाची अट पस्तिशीची. हा पुढच्या महिन्यात छत्तीस पूर्ण करणार. म्हणजे ही गाडी चुकली की चुकली.

मी झोकात पत्र लिहिलं : देशी-विदेशी सर्व पदार्थांत पारंगत, बारा वर्षांत एकही तक्रार नाही.

त्याने वाचलं. उठला, बसला, परत उठला.

"भाऊ, हा कोण माणूस?"

"तू!"

"मला विदेशी काही येत नाही. आमच्या भागाचं येतं. आईने शिकवलेलं."

"अरे, सगळेच फुगवतात!"

"आणि तिथे चूल पेटवायला लावली की? तुम्ही येणार का फुगवायला?"

माझं डोकं सणकलं. पेन त्याच्यापुढे आपटलं. "लिही तूच!"

त्याने खरंच लिहिलं. एक ओळ, मग खिडकीपर्यंत फेरी, मग दुसरी ओळ. 'आमच्या भागाच्या जेवणाचा जीव ओल्या वाटणात असतो. वाटण लवकर उतरतं, म्हणून मी ते दिवसातून दोनदा, लागेल तेवढंच करतो. डब्यावर तारीख-वेळ लिहितो. चव आईची आहे, शिस्त प्रशिक्षणाची.' झक मारली आणि पेन दिलं, असं झालं मला.

मग त्याने मोबाइलवर वहीचा फोटो दाखवला. मालकाला विचारून, हॉटेलचं नाव झाकून काढलेला. महिन्याचे पहिले बारा दिवस ओळीने चार अंश, चार अंश. एकाच पेनाने, आठवडाच्या आठवडा एका बैठकीत. आमच्याकडे रीतच ती : सोमवारी आठवड्याचे आकडे भरून मोकळं व्हायचं. मग प्रशिक्षण झालं, पाचाच्या वर जाऊ द्यायचं नाही हे कळलं आणि आकडे हलायला लागले : तीन, पाच, चार. आणि एका सकाळी तेरा, लाल गोल करून. शेजारी लिहिलेलं : फ्रिज बंद पडलेला, किती वेळ ते माहीत नाही, वाटण व मांस फेकलं.

"वेड लागलंय का? पुढचा महिना पाठव. एकदम स्वच्छ आहे."

"पुढच्या महिन्यात नवा फ्रिज आला, भाऊ. ते आकडे फ्रिजचे. हे माझे."

पाठवलं. अकरा दिवस त्याने माझं डोकं खाल्लं. दर दोन तासांनी फोन : "आलं का काही?" त्याच्या बायकोचा वेगळा : "भाऊजी, हे घरचा फ्रिजसुद्धा दिवसातून चारदा उघडून बघतात. दूध नासलं तर यांच्यामुळेच नासेल!"

बाराव्या दिवशी माझ्याच टेबलावर व्हिडिओ कॉल झाला. तिथल्या किचनच्या मुख्य बाई. त्याचं इंग्रजी मोडकं, पण कामाचं.

"पहिले बारा दिवस चारच?"

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. त्याने पाय बाजूला घेतला.

"ते खोटे आहेत, मॅडम. न बघता मीच भरले. प्रशिक्षणाच्या आधी."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. पंखा कुरकुरला.

"तेरा अंशांच्या दिवशी मालक काय म्हणाले?"

"दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी फ्रिजवाल्याला बोलावलं."

"आम्ही कळवतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. तो ऐकत होता आणि गुडघा हलवत होता.

आठवड्याने निवडीचं पत्र आलं. तीन महिने उमेदवारी, आणि शीतगृहाची वही त्याच्याकडे.

निघायच्या आदल्या सोमवारी मी त्याला भेटायला भटारखान्यात गेलो. त्याच्या जागी येणाऱ्या गड्याने शनिवारपर्यंत चार-चार भरूनही टाकले होते. फडकेरावाने सोमवारपासूनच्या ओळींवर काट मारली, थर्मामीटर त्याच्या हातात दिला आणि फ्रिजचं दार उघडलं.

"बघ आणि सांग किती."

"चारच असणार, दादा."

"असणार नको. किती?"

गडी वाकला. "सहा."

"मग सहा लिही. आणि पळ, मालकांना सांग."