एकोणीस शब्दांची संक्रांत

माझ्या सासऱ्यांनी यंदा संक्रांतीच्या शुभेच्छा लिहिल्या, त्या तीन फुलस्केप पानं भरून. पाठपोट. एरवी ते प्रत्येकाला वेगळं पोस्टकार्ड टाकायचे. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलाय, आणि ही तीन पानं लिहायलाच त्यांना चार दिवस लागले. मग कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "ह्या फोनवर घाल गे. सगळ्यांका जाऊंक व्हया. आणि गिरणीतल्या निम्म्या लोकांचे नंबर माझ्याकडे नाहीत, तेव्हा ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुढे पाठवूक व्हया."

मी घरून काम करते, मालिकांच्या संवादांची सबटायटल्स लिहिते. बाई पडद्यावर अर्धा मिनिट रडत बोलते, त्याच्या मला दोन-दोन ओळी करायच्या असतात. सासऱ्यांच्या मते हे काम म्हणजे लोकांचं बोलणं कापणं, म्हणून कापायचं काही असलं की ते माझ्याकडेच येतं.

आधी मी सगळं तसंच टाइप केलं आणि स्वतःलाच पाठवून पाहिलं. लांब मेसेज फोन पूर्ण दाखवत नाही, थोडा दाखवतो आणि खाली 'पुढे वाचा' येतं. सासऱ्यांच्या मेसेजमध्ये ते आलं तेव्हा सूर्य अजून मकर राशीत शिरायचा होता.

"बाबा, लोक इथंच थांबतील," मी म्हटलं. "पुढचं कुणी उघडणार नाही."

"का? पोस्टकार्ड उलटून वाचतत मा?"

मी कापायला घेतलं. सूर्य गेला, कारण तो सगळ्यांच्याच मेसेजमध्ये असतो. गुडघेदुखीवर एरंडेल तेलाचा सल्ला गेला. चौदा माणसांची नावं गेली, कारण नाव असलेला मेसेज पुढे पाठवता येत नाही. आशीर्वादाचा परिच्छेद काढला, तेव्हा सासरे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

खरी अडचण मग आली. यादीत त्यांचे गिरणीतले मित्र होते, त्यांना 'तुम्ही' म्हटलं तर ते म्हणणार, म्हातारा फुगला. विहीण होती, तिला 'तू' म्हणता येत नाही. 'तिळगूळ घे' लिहिलं तर निम्मे रुसणार, 'घ्या' लिहिलं तर उरलेले हसणार. म्हणजे वाक्य असं हवं होतं, ज्यात समोरच्याला हाकच मारायची नाही आणि तरी त्याला वाटलं पाहिजे की मलाच मारली.

पानं पुन्हा वाचली. सहाव्या बाजूवर, समासात उभं लिहिलेलं एक वाक्य सापडलं. संक्रांतीला डब्याच्या सुट्टीत कुणी उशिरा आलं, तर गिरणीतले मित्र त्याचा लाडू बाजूला काढून ठेवायचे. आणि त्याच्या वरती, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मी मनात ठेवलेलं नाही, असं दोनदा लिहिलं होतं. मी तेवढंच घेतलं.

यंदा लाडू वळताना आठवण आली. मागचं काही मनात ठेवलेलं नाही. एक लाडू बाजूला काढून ठेवलाय. वाट बघतोय. शुभ संक्रांत.

एकोणीस शब्द. सासऱ्यांनी चष्मा पुसून वाचलं. मग म्हणाले, "लाडू तर तुझी सासू वळता."

"आठवण तुम्हाला आली ना?"

"ती इली."

पाठवायचं कसं, हेही ठरवावं लागलं. फॉरवर्ड केला तर डोक्यावर 'फॉरवर्डेड' असा शिक्का येतो आणि एका वेळी पाचच जणांना जातो. म्हणून मी सासऱ्यांच्या फोनमधल्या एकशेबारा नावांची ब्रॉडकास्ट यादी केली. ती ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, पण ज्याला पोचते त्याला साधा, त्याच्या एकट्याचा मेसेज दिसतो. सकाळी नऊला संक्रांतीचा पहिला चहा झाल्यावर सासऱ्यांनी स्वतः पाठवायचा बाण दाबला.

साडेनऊला बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे, हातात आमची ड्रिल मशीन. "काका, तुम्ही मनात ठेवलं नाही हा तुमचा मोठेपणा," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला तोंड दाखवायची लाज वाटत होती." सासऱ्यांना ड्रिल मशीन गेलेली माहीतच नव्हती. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि एक लाडू दिला.

दहाला दातांच्या दवाखान्यातून फोन आला. तिथली रिसेप्शनिस्ट विचारत होती, "काका, कवळीबद्दल काही तक्रार होती का? आणि लाडू कडक आहे की मऊ?" साडेदहाला घाटकोपरहून गिरणीतले एक मित्र काठी टेकत आले. सोफ्यावर सासऱ्यांशेजारी बसले आणि रडायलाच लागले. "तुझ्या लग्नाआधी तुझ्या सासऱ्याला मी सांगितलं होतं, मुलगा तंबाखू खातो. तुला कधी कळलं रे?"

"आत्ताच," सासरे म्हणाले.

"मग मनात ठेवलं नाहीस, ते काय?"

"आता ठेवू की नको, तूच सांग."

दोघं इतके हसले की मला पाणी आणावं लागलं. दुपारपर्यंत अकरा जण येऊन आपापला बाजूला काढलेला लाडू घेऊन गेले. दोघांनी तर विचारलं, "माझा कुठला?" मी ताटातला एक बोटाने दाखवत होते.

या सगळ्यात सासूबाई स्वयंपाकघरात लाडूच वळत होत्या. पुरेनात, म्हणून आणखी तीळ भाजायला घेतले. मेसेजचं त्यांना काही माहीत नव्हतं, नवरा बायकोला शुभेच्छा कशाला पाठवेल? दोनच्या सुमारास त्यांच्या फोनवर टिंग झालं. त्या ओट्याला टेकून वाचत राहिल्या आणि मग पदराने डोळे टिपले.

"आई, काय झालं?"

"चेंबूरवाली," त्या म्हणाल्या. चेंबूरवाली म्हणजे त्यांची धाकटी बहीण. घरातल्या एका बारशात आहेरावरून बिनसलं, त्याला तीन वर्षं झाली होती. "बघ गं, तिला माझी आठवण आली. लाडू बाजूला ठेवलाय म्हणते. वाट बघतेय."

मेसेजमध्ये 'वाट बघतोय' होतं. डोक्यावर बारीक करड्या अक्षरात 'फॉरवर्डेड' होतं. सासूबाईंनी दोन्ही वाचलं नव्हतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं, तर ते वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. साडी बदलून, डबा भरून त्या रिक्षाने निघाल्यादेखील.

मागाहून चेंबूरच्या मावशींचा मला फोन आला, आवाज दबलेला. "अगं, तुझी सासू आलीय आणि लाडू मागतेय! मी नुसतं चाळीस जणांना पुढे ढकललं होतं. माझ्या घरात तीळसुद्धा नाहीत."

"मावशी, काहीतरी बाजूला काढा," मी म्हटलं.

त्यांनी शेजारणीकडून लाडू आणला, वाटीत घालून वर झाकण ठेवलं आणि सकाळपासून ठेवल्यासारखा पुढे केला. सासूबाई संध्याकाळी परतल्या तेव्हा त्यांचा डबा चेंबूरलाच राहिला होता आणि घसा बसला होता. चप्पल काढता काढता त्यांनी फोन सासऱ्यांपुढे धरला. "वाचा. एवढंसंच लिहिलंय, पण कसं मनापासून. तुमचं तीन-तीन पानं असतं."

सासऱ्यांनी सगळा मेसेज वाचला. "बरा लिवल्यान," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. बहिणी-बहिणी आता रोज दुपारी बोलतात. आहेराचा विषय दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा निघाला आणि दोघी कडाकडा भांडल्या, पण फोन कुणी ठेवला नाही.