फ्री हिटवरचा स्टंप

बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीत, तिथल्या मराठी वस्तीत, ढुंढिराज मुळ्यांना लोक ‘मास्टरसाब’ म्हणत, कारण ते शाळेत गणित शिकवायचे. मैदानावर मात्र ते ‘अंपायरसाब’ होते. लहानपणापासून दम्याने धरलेला हा माणूस आयुष्यात कधी पंचवीस पावलं धावला नव्हता. पण क्रिकेटचं वेड असं, की शाळा सुटली की कुणाच्या तरी मॅचच्या कडेला जाऊन बसायचे. तिथून त्यांना उठवून आत आणलं ते दिनानाथ शेवड्यांनी.

दिनानाथ पोस्टात होते आणि बनारसच्या मैदानांवर निम्मी हयात अंपायरिंग करत आले होते. ते ढुंढिराजांना म्हणाले, “धावता येत नाही ना तुला? मग उभं राहायला शीक. उभं राहणं सोपं नाही.” आणि खरंच शिकवलं. संकठा घाटाच्या पायरीवर खडूने रेघ ओढायचे, गल्लीतल्या पोरांना चप्पल काढून रेघेपाशी पाय टाकायला लावायचे आणि विचारायचे, “टाच कुठे होती? सांग पटकन.” गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा काही तरी भाग रेघेच्या मागे हवा, सगळा पाय पुढे गेला की नो-बॉल. महिनाभर ढुंढिराजांनी फक्त टाचा पाहिल्या. कालिंदी, त्यांची बायको, तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणायची, “लोक घाटावर गंगा बघायला जातात, आमचे हे लोकांचे पाय बघायला!”

ही गोष्ट नव्व्याण्णव सालातल्या फाल्गुनाची. शहरातल्या कार्यालयांची पस्तीस ओव्हरची स्पर्धा होती आणि फायनलला बँकवाले विरुद्ध रेल्वेवाले. त्या वर्षी आयोजकांनी एक नवाच नियम आणला होता. इंग्लंडातल्या कुठल्याशा लीगमध्ये नो-बॉलनंतर फलंदाजाला एक मोकळा फटका देतात, असं कुणीतरी ऐकून आलं होतं. आपल्याकडे मोठ्या मॅचमध्ये तसं काही नव्हतं. पण लोकांना मजा येईल म्हणून ठरलं: पाय रेघेपुढे गेला तर नो-बॉलचा एक रन मिळेल, तो बॉल ओव्हरमध्ये मोजायचा नाही आणि पुढचा बॉल ‘फ्री हिट’. त्यावर फलंदाज बोल्ड झाला, झेल गेला, तरी नाबाद. नो-बॉलवर रन आउटसारखं जे मोजकं आउट असतं, तेवढंच फ्री हिटवरही आउट.

फायनलला अंपायर दोघं, ढुंढिराज आणि दिनानाथकाका. काका आता सत्तरीकडे झुकले होते. आदल्या आठवड्यात आयोजकांपैकी एकजण ढुंढिराजांच्या कानाशी लागला होता, “दिनानाथजी अब थक गए हैं. एक भी गड़बड़ हुई तो अगले साल से नहीं बुलाएँगे.” ढुंढिराजांना ते शब्द दिवसभर टोचत राहिले. काकांना मात्र ते काही बोलले नाहीत.

आणखी एक गुंता होता. बँकेचा कप्तान आणि कीपर होता श्रीराम, कालिंदीचा धाकटा भाऊ. सकाळी चहा देताना कालिंदी म्हणाली, “आज माझ्या भावाला उगाच आउट देऊ नका.”

“आउट असला तर देईन.”

“तेच म्हणतेय मी. उगाच देऊ नका.”

मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत ताणली गेली. रेल्वेला आठ रन हवे होते आणि हाताशी एकच विकेट. एका बाजूला मिश्रा नावाचा जमलेला फलंदाज, दुसऱ्या बाजूला अवधेश, दांडगा, बॅट हातोड्यासारखी धरणारा. श्रीरामने बॉल दिला मुन्नाला. त्याची गोलंदाजी संथ, म्हणून श्रीराम स्वतः स्टंपच्या अगदी मागे उभा राहिला. गोलंदाजाच्या टोकाला ढुंढिराज, स्क्वेअर लेगला काका.

पहिल्या बॉलवर मिश्राने एक रन काढला. दुसरा अवधेशच्या बॅटजवळून निघून गेला. तिसऱ्यावर अवधेशचा एक, चौथ्यावर मिश्राचा एक. आता दोन बॉल, पाच रन, आणि समोर अवधेश. मैदानाभोवतीची माणसं दोरीच्या आत सरकली होती.

पाचव्या बॉलला मुन्ना घाईत आला. ढुंढिराजांची नजर रेघेवर होती. सगळा पाय पुढे पडला. “नो-बॉल!” ते ओरडले आणि त्याच क्षणी अवधेशचा मधला स्टंप उडाला. बँकवाले नाचायला लागले. ढुंढिराजांचा आडवा पसरलेला हात दिसला तसे एकेक करून थांबले. एक रन मिळाला, चार उरले, बॉल अजूनही दोनच. ढुंढिराजांनी डोक्यावर हात गोल फिरवून फ्री हिटची खूण केली.

श्रीरामने मिडविकेटच्या माणसाला हाक मारून मागे जायला सांगितलं. ढुंढिराजांनी थांबवलं.

“नाही श्रीराम. फलंदाज तोच आहे. फ्री हिटला फिल्डिंग बदलता येणार नाही.”

श्रीरामने त्या माणसाला परत जागेवर बोलावलं आणि तो स्टंपमागे गेला.

मुन्नाचा धीर सुटला होता. बॉल लेग स्टंपच्या पार बाहेर पडला. अवधेश दोन पावलं पुढे येऊन जिवाच्या आकांताने बॅट फिरवून चुकला. श्रीरामने बॉल उचलला आणि बेल्स उडवल्या. अवधेश क्रीझच्या चांगला बाहेर होता. ढुंढिराजांनी वाइडसाठी दोन्ही हात पसरले, तोवर श्रीरामचं अपील स्क्वेअर लेगकडे गेलं होतं आणि दिनानाथकाकांचं बोट वर गेलं होतं.

मग एकच कल्लोळ. बँकवाले एकमेकांच्या अंगावर पडले. अवधेश बॅट काखेत मारून तंबूकडे चालू लागला.

काकांचं का चुकलं ते ढुंढिराजांना लगेच कळलं. साध्या वाइडवर स्टंप झालेला फलंदाज आउटच असतो, आणि काकांनी उभ्या आयुष्यात असे कितीतरी दिले होते. पण नो-बॉलवर स्टंप होत नाही, म्हणून फ्री हिटवरही होत नाही, मग तो बॉल वाइड का असेना. अवधेश रन काढायलाही निघाला नव्हता, तेव्हा रन आउटचाही प्रश्न नव्हता. तो नाबाद होता.

पण हे सांगायचं कुणाला? ज्यांनी पायरीवर रेघ ओढून शिकवलं त्यांना, चारचौघांत? आयोजकांचे शब्द कानात घुमले. गप्प राहिलं तर कुणाला कळणारही नाही. मेहुणा जिंकेल, काकांची लाज राहील. ढुंढिराजांचा श्वास नेहमीसारखा अडकायला लागला. तंबूकडे चाललेली अवधेशची पाठ त्यांना दिसली आणि ते मोठ्यांदा म्हणाले, “डेड बॉल! अवधेश, रुको! वहीं रुको!”

मग ते सावकाश स्क्वेअर लेगकडे गेले. धावणं त्यांना जमण्यासारखं नव्हतंच. काकांच्या अगदी जवळ जाऊन, पाठ लोकांकडे करून, हळू मराठीत म्हणाले, “काका, फ्री हिट चालू होती.”

“वाइडवर स्टंप आउट असतो, ढुंढी.”

“असतो. पण हा फ्री हिटचा वाइड. नो-बॉलवर जे आउट नाही, ते यावर नाही.”

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ढुंढिराजांना वाटलं, आता हे टोपी काढून माझ्या हातात देतील आणि चालू लागतील.

“तुला नक्की ठाऊक आहे?”

“नक्की. पण निर्णय तुमचा आहे, काका. तुम्हीच बदलू शकता.”

ढुंढिराजांना बाजूला सारून काका पुढे झाले, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले, “नॉट आउट! ग़लती मेरी थी. फ्री हिट पर स्टंप नहीं होता. बल्लेबाज़ वापस आए!”

बँकेचे दोघं-तिघं हात उगारत धावून आले. श्रीराम मध्ये पडला. तोही घामाने निथळत होता, डोळे लाल होते. तो आपल्या माणसांना म्हणाला, “हटो सब. कप्तानों की मीटिंग में यही तय हुआ था. मैं ही वहाँ बैठा था.” मग ढुंढिराजांकडे वळून मराठीत, “अपील करताना डोक्यातून पार गेलं, भाऊजी.”

खेळ पुन्हा सुरू झाला. वाइडचा एक रन धरून तीन उरले. वाइड मोजायचा नाही, त्यामुळे बॉल अजून दोनच, आणि फ्री हिटही वाया गेली नव्हती. ती पुढच्या बॉलवर तशीच चालू. मुन्नाने टाकला, अवधेशने आभाळात उडवला. मिड-ऑफवाल्याने झेल घेतला आणि भान हरपून बॉल वर फेकला. फ्री हिटवर झेल घेतला तरी बॉल जिवंतच असतो. श्रीराम ओरडेपर्यंत दोघांनी दोन रन पळून काढले. शेवटच्या बॉलवर एक हवा होता. अवधेशने आयुष्यात पहिल्यांदा बॅट हळू फिरवली, बॉल कव्हरच्या बाजूने निसटला आणि रेल्वे जिंकली. सहा बॉलच्या ओव्हरमध्ये मुन्नाला आठ टाकावे लागले होते.

ढुंढिराज तंबूच्या मागे जाऊन बसले. तेवढ्यात तोच आयोजक आला. ढुंढिराज उठून उभे राहिले, काय ऐकावं लागतंय या भीतीने. तो म्हणाला, “मास्टरसाब, दिनानाथजी जैसा आदमी नहीं देखा. फ़ाइनल में, सबके सामने अपनी उँगली नीचे कर ली! अगले साल भी वही रहेंगे, कह दीजिए उनसे.”

छातीवरचं ओझं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. श्वास आपोआप मोकळा झाला.

संध्याकाळी काका आणि ते संकठा घाटावर बसले. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडून धूर येत होता, नावाडी नावा बांधत होते. निरोप ऐकून काका बराच वेळ हसत राहिले.

“तू माझ्याकडे चालत येत होतास ना,” ते म्हणाले, “तेव्हा वाटलं, झालं, माझे दिवस भरले. तुझं तोंड एवढं पडलेलं होतं!”

“मला वाटलं तुम्ही रागवाल.”

“रागवलोच होतो. पण तू कानात सांगितलंस. ओरडून सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, नियम गेला खड्ड्यात. चल, भूक लागली मला.”

घरी पोचले तर श्रीराम आधीच येऊन पाटावर बसला होता आणि कालिंदी त्याच्या ताटात श्रीखंड वाढत होती. हरलेल्या भावाला जरा जास्तच. तिने दारातल्या नवऱ्याकडे पाहिलं. ढुंढिराज उंबऱ्याबाहेरच घुटमळले.

“या की आत,” ती म्हणाली. “याने सगळं सांगितलंय. काका, तुम्हीपण बसा. पान मांडतेच.”

श्रीराम तोंडातला घास गिळून म्हणाला, “भाऊजी, एक सांगा. तो मिड-ऑफवाला बॉल फेकण्याऐवजी माझ्याकडे देता, तर रन आउट मिळाला असता?”

“मिळाला असता,” काका पाटावर बसत म्हणाले. “रन आउट फ्री हिटवरही असतो. यावेळी मला नीट आठवतंय.”

सगळे हसले, आणि ढुंढिराजही जेवायला बसले.