आठची आंघोळ

आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे ‘घड्याळ’ म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. बस डेपोत टाइमकीपर होता तो. खिडकीत बसून गाड्या सोडायच्या, उशीर झाला तर ड्रायव्हरला झापायचं आणि माइकवर घोषणा करायच्या, हे त्याचं काम. घरातही तो तसाच बोलायचा. “काकू, दूधवाला पाच मिनिटं लेट आहे,” असं जिन्यात भेटल्यावर सांगायचा, जणू मी फलाटावर ताटकळत उभी आहे.

मी त्याच्या समोरच्या दारात राहते. नवरा गेला, मुलगी लांब दिली, त्यामुळे वेळ भरपूर आणि जीभ तिखट. त्याची बायको मात्र माझ्या जिभेला पुरून उरायची. “काकू, तुमच्याशी भांडायला मला वेगळा वेळ काढावा लागेल,” म्हणायची आणि हसत सुटायची. तिच्यामुळे त्या माणसाच्या घरात थोडं हसू होतं.

पोरगी झाली आणि तिसऱ्या महिन्यात बायकोचं दुखणं कळलं. ते दुखणं थांबायला तयार नव्हतं. आपण राहत नाही हे तिला नवऱ्याच्या आधी कळलं. पोर सहा महिन्यांची होती तेव्हा तिने उशीला टेकून बसून एक वेळापत्रक लिहिलं. डब्याचं दूध पाच वेळा, दुपारी दोन चमचे कुस्करलेलं केळं नाहीतर बटाटा, तीन झोपा. तिसरी झोप संध्याकाळी साडेपाचला. आणि रात्री आठला आंघोळ. त्या आंघोळीपुढे तिने लिहिलं होतं, ‘बाबा.’

तिसरी झोप तिने मुद्दाम तिथे घातली होती. घड्याळ सकाळी सहाला निघायचा, तेव्हा पोर झोपलेली असायची. डेपोतला त्याचा जोडीदार निवृत्त झाला होता आणि त्याची जागा कोणी भरली नव्हती, म्हणून दोघांचं काम ह्या एकट्याच्या गळ्यात. घरी यायला साडेसात वाजायचे. संध्याकाळी झोपवलं की पोर नऊपर्यंत टवटवीत राहायची, आणि बापाला तिला टबात बसवायला मिळायचं. पुढच्याच महिन्यात बायको गेली. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला राहिला.

दिवसभर पोर माझ्याकडे असायची. आम्ही तिला ठमी म्हणायचो. मीही तो कागद पाळत होते, कारण गेलेल्या माणसाच्या हातचं अक्षर होतं ते आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. पण पोर काही कागदावर थांबली नव्हती. ती रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. साडेपाचची झोप म्हणजे रोजचं रणकंदन झालं. मी अंधार करून थोपटायची, ती पाठ वाकवून किंचाळायची, शेवटी सहा-साडेसहाला दमून पडायची. मग रात्री दहापर्यंत डोळे टक्क. पहाटे दोनदा बाटली. आणि बाटली पोटात असल्यावर दुपारचे दोन चमचे तरी कुठून जाणार? मी चमचा पुढे केला की ती तोंड घट्ट मिटायची आणि मान फिरवायची. बाप म्हणायचा, “काकू, वेळेवर देताय ना?” असा राग यायचा मला!

नवव्या महिन्यात आरोग्य केंद्रात वजन केलं. नर्सने तक्त्यावर ठिपका दिला. आधीच्या दोन महिन्यांच्या ठिपक्यांच्या शेजारीच तो बसला, वर गेलाच नाही. त्या दिवशी बायकोची बहीणही आली होती. तिचं घर दोन तासांवर, पदरात दोन वर्षांचा मुलगा, सासू-सासरे घरात. बहीण गेली त्या दिवसापासून ती म्हणत होती की पोर आम्हाला द्या. नर्सने दिवसभराचं विचारलं. घड्याळाने पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं, अगदी माइकवर म्हणावं तसं.

नर्स म्हणाली, “हे सहा महिन्यांच्या बाळाचं झालं. आता हिला दिवसातून तीनदा जेवण हवं. मऊ भात, डाळ, अंड्याचा बलक, उकडलेली भाजी. जेवणाच्या तोंडावर दूध नको, नाहीतर ती जेवणार नाही. झोपा दोनच, सकाळी एक आणि दुपारी एक. दुपारची साडेतीनपर्यंत आटपू दे, म्हणजे साडेसातच्या आत रात्रीची झोप लागेल.”

“साडेसातला?” त्याने विचारलं.

“साडेसातच्या आत.”

बाहेर आल्यावर मेहुणी म्हणाली, “भाऊजी, महिनाभर बघते. पुढच्या वजनाला काटा हलला नाही, तर मी ठमीला घेऊन जाणार. ताईची पोर मी अशी सुकू देणार नाही.”

तो हो म्हणाला. पण घरी येऊन बदल मात्र काडीचाही करेना. मी विचारलं तेव्हा त्याने जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. “काकू, आमच्याकडे नियम आहे. वेळापत्रक ज्याने केलं, त्याच्या सहीशिवाय एक मिनिटही हलवायचं नाही. मी एकदा माझ्या मनाने गाडी आधी सोडली होती, तर मेमो मिळाला.”

“अरे मेल्या,” मी ओरडलेच, “सही करणारी गेली! आता कोणाची वाट बघतोस?”

हे बोलायला नको होतं असं मला वाटलं, आणि बोलायलाच हवं होतं असंही वाटलं. मग मी जरा आवाज उतरवून म्हटलं, “पोरीला विचार ना. तिचा दिवस आहे तो. तिची सही चालते.”

सुट्टीच्या दिवशी तो खरंच पोरीसमोर जमिनीवर बसला. कागदाकडे बघायचं नाही असं मी दटावलं होतं. ठमीने सकाळी आठला थोडी उकडलेली भाजी खाल्ली, डोळे चोळले साडेनऊच्या पुढे, पावणेदहाला झोपली. अकराला उठली, बाराला मऊ भात आणि बलक मागून मागून खाल्ला, कारण मध्ये दूध दिलं नव्हतं. भांड्यावर चमचा बडवत ती तोंडाचा आ करत होती. तो बघतच राहिला. दोनला परत झोप, साडेतीनला जागी, मग दूध, मग जमिनीवर खेळ. त्याने रिकाम्या डब्यात झाकणं टाकली, तिने ती काढली, असं कितीतरी वेळ चाललं. सव्वापाचला जेवण. जेवणानंतर तासभर जाऊ देऊन आंघोळ, मग शेवटची बाटली. सातनंतर थोड्याच वेळात तिने त्याच्या खांद्यावर मान टाकली, न रडता.

त्याने नवा कागद घेतला आणि लिहून काढलं. मी ओट्यापाशी उभी होते. तो लिहायचा थांबला, पुन्हा वरपासून वाचलं आणि म्हणाला, “काकू, ह्यात मी कुठे आहे?”

मी उगाच ओटा पुसायला लागले. एरवी माझी जीभ कधी अडत नाही.

त्याने डेपोत ड्युटी बदलून मागितली, तर साहेब म्हणाले माणूस मिळेपर्यंत शक्य नाही. आम्ही नवं वेळापत्रक सुरू केलं. ठमी जेवायला लागली, पहाटेची बाटली आपोआप सुटली, गालांवर जरा उजेड आला. तो साडेसातला यायचा, बूट दाराबाहेर काढायचा आणि अनवाणी पायांनी येऊन पाळण्यापाशी उभा राहायचा. टब कोरडा असायचा. एकदा मलाच राहवलं नाही. म्हटलं, एका दिवसाने काय बिघडतंय, आणि त्याच्यासाठी तिला जागं ठेवलं. आठला त्याने तिला टबात बसवलं, तर झोपेला आलेली पोर असली किंचाळली की खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आला. रात्री तीन वेळा उठली, दुसऱ्या दिवशी एक घास घेतला नाही. त्यानंतर त्यानेही मागितलं नाही आणि मीही दिलं नाही.

त्याच्या पुढच्या सुट्टीला एक गोष्ट झाली. त्याने हात पुढे केले, “ये बाबाकडे,” आणि ठमीने त्याच्याकडे टक लावून बघितलं, ओठ काढला आणि रडत माझ्या मानेला घट्ट मिठी मारली. ह्या वयात पोरं अनोळखी माणसाला घाबरतात, हे कोणीही सांगेल. पण तो अनोळखी होता का? मी म्हटलं, “वेड्या, माझ्याही लेकीने असंच केलं होतं.” तो म्हणाला, “तुमच्या लेकीने कोणाला बघून केलं होतं?”

वजनाच्या दिवशी काटा हलला. चांगला हलला. नर्सने ठिपका दिला आणि तक्ता त्याच्यापुढे धरला. मेहुणी म्हणाली, “जिंकलात हं भाऊजी. शब्द तो शब्द, मी नेत नाही.”

तिने पोर त्याच्याकडे द्यायला हात पुढे केले. त्याने घेतली नाही. पिशवीतून नव्या वेळापत्रकाची प्रत काढून तिला दिली.

“घेऊन जा,” तो म्हणाला. “तुमच्याकडे दिवसभर माणसं आहेत. काकूंना खाली बसलं की भिंतीला धरून उठावं लागतं, आणि हिच्या पायाला चाकं लागलीत. परवा ही उंबऱ्याबाहेर जिन्यापर्यंत गेली, काकू कशाबशा पोचल्या, ऐकूनच माझा जीव...” त्याला ती गोष्ट मीच सांगितली होती. “मी फक्त झोपलेली बघतो. झोपलेली मुलगी कुठेही झोपेल.”

मला इतका राग आला त्याचा! आणि माझ्या गुडघ्यांचा त्याहून जास्त. पण तो चुकत नव्हता. जाताना त्याने मेहुणीला चारदा सांगितलं की टबात बसवल्यावर हात सोडायचा नाही, टॉवेल आधीच जवळ ठेवायचा, फोन वाजला तरी उठायचं नाही. तिने चारही वेळा मान डोलावली. ठमी तिच्या कडेवर बसून त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती. त्या दिवशी ती त्याला बघून रडली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बायकोचा कागद कपाटाच्या दारावर तसाच आहे. बाप महिन्यातून दोन सुट्ट्या जोडून घेतो आणि तिकडे जातो. दरवेळी ओळख नव्याने करावी लागते. पहिला दिवस त्यातच जातो, आणि दुसऱ्या दिवशी निघायचं असतं.

परवा मी त्याला डबा द्यायला डेपोत गेले होते. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. ठमी आता सव्वा वर्षाची झालीय, सकाळची झोप नको म्हणते. “भाऊजी, दुपारची एकच ठेवू का? तुमच्या कागदावर दोन आहेत, म्हणून विचारलं.”

खिडकीबाहेर ड्रायव्हर वेळेसाठी थांबला होता. घड्याळाने त्याला हातानेच थांबायची खूण केली.

“मला विचारत बसू नका,” तो म्हणाला. “मी तिथे नसतो. पोरीला विचारा, तिची सही चालते.”

मग त्याने फोन ठेवला, घसा साफ केला आणि माइकवर पुढच्या गाडीची वेळ सांगितली. गाडी वेळेवर होती.